८.३५ टक्क्यांचं होम लोन ८.५० टक्क्यांपेक्षा महाग कसं पडतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. आकडे जास्त असले की बरेच जण स्क्रीनशॉट मागतात, म्हणून या वेळी हिशोब पायरीपायरीनं लिहिलाय. मोबाईलवर गूगल शीट्स उघडून बसलात तर वाचता वाचता तुमचा स्वतःचा हिशोबही होऊन जाईल.

विषय घरातलाच आहे. माझा मावसभाऊ आणि वहिनी लालबागमध्ये एक रिसेल वन रूम किचन घेतायत. दोघांची नोकरी परळलाच. मामंजींची पुंजी, वहिनीचा पीएफ आणि गावची थोडी मदत असं सगळं गोळा केल्यावर कमी पडत होते ५० लाख. टोकन दिलेलं, सोसायटीच्या एनओसीसाठी अर्ज केलेला, आणि विकणारे काका म्हणतात, "महिन्याभरात व्यवहार पूर्ण करा, नाहीतर दुसरा गिऱ्हाईक तयार आहे." अशात दोन बँकांकडून ऑफर आल्या. एक ८.५० टक्के, दुसरी ८.३५ टक्के. दोन्ही २० वर्षांसाठी, दोन्ही फ्लोटिंग. भाऊ म्हणाला, "दादा, यात विचार कसला करायचा? कमी ती घेतो."

विचार करायचा होता, आणि तो कसा करायचा तेवढंच आजच्या भागात.

आधी दोन ढीग वेगळे करा

घर घेताना खिशातून जाणारा प्रत्येक रुपया हा कर्जाचा खर्च नसतो. घराच्या करारावरची स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, एजंटची दलाली, सोसायटीची ट्रान्सफर फी हे सगळं घराचे खर्च आहेत. तुम्ही रोख पैसे देऊन घर घेतलंत तरी ते लागणारच. कर्ज कुठून घ्यायचं हे ठरवताना त्यांना बाजूला ठेवायचं.

कर्जाचा खर्च ओळखायला एकच प्रश्न पुरे: कर्ज घेतलं नसतं तर हा रुपया गेला असता का? उत्तर 'नाही' आलं की तो कर्जाच्या ढिगात. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी, बँकेच्या वकिलाची टायटल तपासणी, व्हॅल्युएशन करायला येणाऱ्या माणसाची फी, आणि कर्जासोबत दिलेला विमा हे सगळं त्यात येतं. महाराष्ट्रात आणखी एक आहे. घराचे मूळ कागद बँकेकडे ठेवून कर्ज घेतलं की त्याची 'नोटीस ऑफ इंटिमेशन' रजिस्ट्रार कार्यालयात ३० दिवसांत दाखल करावी लागते, आणि त्यासाठी कर्जाच्या ०.३ टक्के स्टॅम्प ड्युटी भरावी लागते. ५० लाखांवर हे झाले १५,००० रुपये, वर थोडी फाइलिंग फी. हा पैसा बँकेकडे नाही, सरकारकडे जातो. कुठल्याही बँकेत गेलात तरी तो जवळपास सारखाच असतो. म्हणून तुलनेत तो नका धरू, पण खिशात मात्र तयार ठेवा.

दोन ऑफर, शेजारी शेजारी

बँकांची नावं घेत नाही. पहिली बँक आणि दुसरी बँक म्हणू.

पहिली बँक: दर ८.५० टक्के. प्रोसेसिंग फी सरसकट १०,००० रुपये, जीएसटी धरून ११,८००. वकील आणि व्हॅल्युएशनचे ८,०००. विमा नाही. महिन्याचा ईएमआय ४३,३९१ रुपये.

दुसरी बँक: दर ८.३५ टक्के. प्रोसेसिंग फी कर्जाच्या अर्धा टक्का, म्हणजे २५,०००, जीएसटी धरून २९,५००. वकील आणि व्हॅल्युएशनचे तेच ८,०००. आणि कर्जाच्या जोडीला एक जीवन विमा, एकरकमी प्रीमियम १,६०,००० रुपये. "पण सर, तो तुम्हाला आत्ता भरायचा नाही, आम्ही लोनमध्येच ॲड करतो."

हे शेवटचं वाक्य नीट ऐका. भावाच्या व्हॉट्सॲपवर आलेल्या मेसेजमध्ये ईएमआय ४२,९१८ लिहिला होता. पहिल्या बँकेपेक्षा ४७३ रुपयांनी कमी. पण हा ईएमआय ५० लाखांचा. विमा कर्जात घातला की कर्ज होतं ५१ लाख ६० हजार, आणि ईएमआय होतो ४४,२९१ रुपये. म्हणजे कमी दराच्या कर्जाचा हप्ता जास्त दराच्या कर्जापेक्षा महिन्याला ९०० रुपयांनी जास्त! आणि घर घ्यायला हातात येणारी रक्कम? तीच, ५० लाख.

आता फक्त त्या १,६०,००० कडे बघा. त्याचा हप्त्यातला वाटा आहे १,३७३ रुपये. २० वर्षं, म्हणजे २४० महिने भरलात की होतात जवळपास ३ लाख ३० हजार. प्रीमियम दीड लाखाचा दिसतो, पण तो वीस वर्षांच्या उधारीवर घेतलेला असतो.

सगळं एका आकड्यात: एपीआर

इथे प्रश्न येतो. एकीकडे दर कमी, दुसरीकडे फी जास्त; काही पैसे आज जातात, काही वीस वर्षं जात राहतात. तुलना करायची कशी? नुसती बेरीज करून नीट कळत नाही, कारण आजचे २९,५०० आणि अठराव्या वर्षातले २९,५०० सारखे नाहीत.

त्यासाठी जो आकडा वापरतात त्याला म्हणतात एपीआर, म्हणजे सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर. कल्पना सोपी आहे. दोनच गोष्टी बघायच्या: खर्च वजा जाता मला खरोखर किती पैसे मिळाले, आणि त्या बदल्यात मी दर महिन्याला किती भरणार. या दोन आकड्यांत जो व्याजदर बसतो, तो कर्जाचा खरा दर.

दुसऱ्या बँकेचं बघू. कागदावर कर्ज ५१,६०,०००. त्यातून विमा गेला १,६०,०००, फी २९,५००, वकील-व्हॅल्युएशन ८,०००. उरले ४९,६२,५००. फी तुम्ही वेगळ्या चेकनं भरलीत तरी हिशोब तोच, कारण खिसा एकच आहे. ईएमआय ४४,२९१, महिने २४०. शीटमध्ये एका रकान्यात हे टाइप करा:

```
=RATE(240, -44291, 4962500)*12
```

पहिला आकडा महिन्यांचा. दुसरा ईएमआय, उणे चिन्ह लावून, कारण तो तुमच्याकडून जातो. तिसरा हातात पडलेली निव्वळ रक्कम. बाराने गुणायचं, कारण उत्तर महिन्याच्या दरात येतं. रकान्याचा फॉरमॅट टक्क्यांत ठेवा आणि दोन दशांश स्थळं दाखवा. उत्तर येतं ८.८९ टक्के.

पहिल्या बँकेला हातात पडलेले ४९,८०,२०० आणि ईएमआय ४३,३९१ घाला. उत्तर येतं ८.५५ टक्के.

तर ८.३५ वालं कर्ज खरं ८.८९ ला पडतंय आणि ८.५० वालं ८.५५ ला. भाऊ फोनवर दोन मिनिटं गप्पच होता.

पण दोष दुसऱ्या बँकेच्या दराचा नव्हता

इथे थांबून निकाल लावून टाकू नका. एक हिशोब अजून बाकी आहे. दुसऱ्या बँकेच्या ऑफरमधून फक्त विमा काढून बघा. कर्ज ५० लाख, ईएमआय ४२,९१८, हातात ४९,६२,५००. एपीआर येतो ८.४५ टक्के. म्हणजे जास्त प्रोसेसिंग फी धरूनही ती पहिल्या बँकेपेक्षा स्वस्त!

यातून दोन गोष्टी कळतात. लोक ज्या प्रोसेसिंग फीवरून घासाघीस करतात, तिचा वीस वर्षांच्या कर्जावर परिणाम तसा कमी असतो. इथे तिन्ही खर्च मिळून दरात जेमतेम दहा पैशांची भर पडली. खरा फरक पाडला विम्यानं.

मग विमा घ्यायचाच नाही का? असं मी अजिबात म्हणत नाहीये. ५० लाखांचं कर्ज डोक्यावर असताना कमावत्या माणसाला काही झालं, तर मागच्यांना घर विकावं लागू नये, यासाठी विमा हवाच. पण जीवन विमा घ्यायचा, आणि तोही बँक सांगेल त्याच कंपनीचा, असा कोणताही नियम नाही. निर्णय तुमचा. आणि तो कर्जाच्या निर्णयापासून वेगळा करून घ्यायचा.

कर्जासोबत मिळणाऱ्या पॉलिसीत सहसा संरक्षणाची रक्कम कर्जाबरोबर कमी कमी होत जाते, आणि दावा मंजूर झाला की पैसे आधी बँकेच्या खात्यात जातात. स्वतंत्र टर्म प्लॅनमध्ये रक्कम ठरलेली राहते, पैसे नॉमिनीला मिळतात, प्रीमियम वर्षाला भरता येतो, आणि उद्या कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी पॉलिसी तुमच्याकडेच राहते. म्हणून दोन्हीचे कोटेशन समोर ठेवा. तब्येतीच्या कारणानं ज्यांना टर्म प्लॅन मिळत नाही किंवा फार महाग पडतो, त्यांच्यासाठी कर्जासोबतची पॉलिसी कामाची असू शकते. ती घ्यायचीच असेल तर शक्यतो प्रीमियम खिशातून भरा, कर्जात घालू नका.

हो, आग-भूकंपासाठीचा घराचा विमा ही वेगळी गोष्ट आहे. कर्जाच्या करारात त्याची अट असू शकते. त्याचा प्रीमियम जीवन विम्याच्या मानानं खूपच कमी असतो. तुमच्या कागदावर 'इन्शुरन्स' एवढंच लिहिलं असेल तर कोणता, ते विचारा.

कागद कोणता मागायचा

हा हिशोब प्रत्येकानं स्वतः करत बसावा अशी वेळ आता राहिलेली नाही. रिझर्व्ह बँकेनं १५ एप्रिल २०२४ ला परिपत्रक काढलं आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या सगळ्या नव्या रिटेल कर्जांना ते लागू झालं. त्यानुसार कर्ज देणाऱ्यानं करार होण्याआधी ग्राहकाला 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' द्यायचं असतं. बँक असो, सहकारी बँक असो की हाउसिंग फायनान्स कंपनी. आणि हे ग्राहकाला समजेल अशा भाषेत हवं. मराठीत हवं असेल तर मराठीत मागा, संकोच कसला!

या कागदात कर्जाची रक्कम, मुदत, दर, ईएमआय, सगळ्या फी आणि एपीआर असतो. फीचे दोन भाग असतात: बँकेला जाणारे पैसे, आणि बँकेमार्फत दुसऱ्याला जाणारे पैसे. विमा, वकील आणि व्हॅल्युएशन दुसऱ्या भागात सापडतील, आणि एपीआरमध्ये तेही धरायचे असतात. जोडीला एपीआरचा हिशोब आणि हप्त्यांचं पूर्ण वेळापत्रकही मिळतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, घराच्या कर्जासारख्या मुदतीच्या कर्जात हे स्टेटमेंट मिळाल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत तुम्ही होकार दिलात तर त्यातल्या अटी बँकेवर बंधनकारक असतात. "आजच सही करा, उद्या ऑफर जाईल" म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगता येतं. दोन, जी फी त्या कागदात नाही, ती कर्जाच्या काळात तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

तपासायचं कसं? कागदावरची कर्जाची रक्कम तुम्ही मागितलेल्या रकमेपेक्षा जास्त दिसली, तर त्यात काहीतरी घातलंय. भावाच्या कागदावर ५१,६०,००० होते, तिथेच कळलं. आणि दर व एपीआर यांत वीस वर्षांच्या कर्जावर अर्ध्या टक्क्याचा फरक दिसला, तर तो नुसत्या प्रोसेसिंग फीचा नसतो. आत मोठी रक्कम आहे, ती शोधा.

एपीआर जे सांगत नाही

हा आकडा उपयोगी आहे, पण त्यात गृहीत धरलेल्या गोष्टी आहेत.

पहिली, तुम्ही पूर्ण वीस वर्षं कर्ज फेडणार असं तो धरतो. फार लोक तसं करत नाहीत. बोनस आला, गावची जमीन विकली, कर्ज आधीच फेडलं, किंवा दुसऱ्या बँकेत नेलं. फ्लोटिंग दराच्या होम लोनवर वैयक्तिक कर्जदाराला मुदतीआधी फेडण्याचा दंड लागत नाही, त्यामुळे ते सोपंही आहे. पण सुरुवातीला गेलेली फी परत येत नाही. विमा काढून दुसरी बँक घेतली तर १७,७०० रुपये जास्त फी जाते आणि महिन्याला ४७३ वाचतात. ते भरून यायला साधारण तीन वर्षं लागतात. दोन वर्षांत कर्ज मिटवणाऱ्याला पहिलीच बँक बरी.

कर्जात घातलेल्या विम्याचं तर आणखी वाईट. पाच वर्षं दर महिन्याला १,३७३ भरलेत, म्हणजे ८२,००० च्या वर गेले, तरी त्या १,६०,००० पैकी सुमारे १,४०,७०० अजून देणं बाकीच असतं. कारण सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा भाग व्याजात जातो. बँक बदललीत तर हे ओझं सोबत घेऊन जावं लागतं. पॉलिसी मध्येच सोडली तर किती पैसे परत मिळतात, हे तेव्हाच्या सरेंडरच्या नियमांवर अवलंबून असतं.

दुसरी, दर बदलणार नाही असं तो धरतो. बँकांच्या फ्लोटिंग होम लोनचा दर १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेला असतो आणि तीन महिन्यांतून एकदा तरी बदलावा लागतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ही सक्ती नाही, त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या बेस दरावर चालतो. म्हणून बँकेची आणि अशा कंपनीची ऑफर तोलताना आजचा एपीआर सारखा असला, तरी उद्याही सारखा राहील असं समजू नका.

तिसरी, व्याज कधी सुरू होतं ते तो दाखवत नाही. रिसेलमध्ये हे फार घडतं. बँक चेक तयार करते, पण सोसायटीची एनओसी किंवा विकणाऱ्याचे कागद अडकले की चेक बँकेच्या टेबलावरच पडून राहतो. ५० लाखांवर ८.३५ टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज होतं साधारण १,१४४ रुपये. दहा दिवस म्हणजे साडेअकरा हजार, जवळपास पहिल्या बँकेच्या प्रोसेसिंग फीइतके. रिझर्व्ह बँकेनं २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात यावर बोट ठेवलंय: व्याज पैसे प्रत्यक्ष दिल्यापासून लावायचं, मंजुरीच्या किंवा चेकवर छापलेल्या तारखेपासून नाही. म्हणून पहिल्या स्टेटमेंटमध्ये व्याजाची तारीख आणि चेक विकणाऱ्याच्या हातात पडला ती तारीख जुळते का, ते बघा.

शेवटी काय झालं

भावानं दुसऱ्या बँकेला एक ईमेल लिहिला. फक्त दोन ओळी: विमा नको आहे, विम्याशिवायचं की फॅक्ट्स स्टेटमेंट पाठवा, आणि त्यात दर तोच राहतो का ते कळवा. ईमेलच का? कारण फोनवर मिळालेलं उत्तर कुठेच नोंदलेलं नसतं. काही ठिकाणी विमा नाकारला की दर वाढवतात. तसं झालं तरी घाबरायचं नाही, वाढलेला दर सूत्रात घाला आणि परत एपीआर काढा. याच कर्जात विम्याशिवाय दर ८.५० झाला असता, तरी हप्त्यात ४७३ रुपयेच वाढले असते. विमा घेतला असता तर १,३७३.

चार दिवसांनी नवा कागद आला. कर्ज ५०,००,०००, दर ८.३५, एपीआर ८.४५. सही त्यावर झाली. टर्म प्लॅन दोघांनी वेगळा काढलाय, मेडिकल झालंय. एनओसी मात्र अजून सोसायटीच्या सेक्रेटरींकडे अडकलीय, आणि तोवर चेक काढू नका असं बँकेला लेखी कळवून ठेवलंय.

तुमच्याकडे कर्जाचा कागद असेल तर तीन आकडे काढा: महिने, ईएमआय, हातात पडलेली रक्कम. सूत्रात घाला, आणि कागदावरच्या एपीआरशी उत्तर जुळलं नाही तर बँकेला फरकाचं कारण विचारा. पुढच्या भागात बघू बांधकाम चालू असलेल्या टॉवरमधलं घर आणि प्री-ईएमआय. दादर-परळकडून त्याबद्दल बरेच प्रश्न आलेत. भेटूया!